टॅबवर सरळ, पुस्तिकेत आडवा: एका स्क्रीनशॉटचं प्रकरण

एका अ‍ॅपची वापर-पुस्तिका तयार होत होती. त्यात टॅबलेटवरचे बरेच स्क्रीनशॉट टाकायचे होते. काम सरळ होतं: एक सहकारी टॅबवर स्क्रीनशॉट काढून पाठवायच्या, ते सर्व्हरवर चढवले की तिथली एक स्क्रिप्ट त्यांचा आकार लहान करायची, आणि मग ती चित्रं पुस्तिकेत जायची. टॅब उभा धरून काढलेले सगळे स्क्रीनशॉट नीट आले. पण अ‍ॅपमधला मोठा तक्ता दाखवायला टॅब आडवा करावा लागला, आणि तेव्हापासूनचं प्रत्येक चित्र पुस्तिकेत कुशीवर झोपलेलं दिसू लागलं.

"अहो, माझ्याकडे तर सरळच दिसतंय," असं त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. टॅबच्या गॅलरीत चित्र सरळ होतं. त्यांच्या लॅपटॉपवरच्या व्ह्यूअरमध्येही सरळ. तीच फाइल, एकही बाइट न बदलता, दुसऱ्या एका साध्या चित्र-संपादकात उघडली की आडवी. अशा वेळी 'कुणाचा तरी प्रोग्राम बिघडलाय' असं म्हणून मोकळं होण्याचा मोह होतो. इथे मात्र सरळ दाखवणारे आणि आडवं दाखवणारे, दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. गोंधळ मुळात फाइलमध्येच होता.

फाइलमध्ये काय होतं

पहिलं काम म्हणजे चित्राकडे न बघता फाइलला विचारायचं. त्यासाठी फाइलमधली लपलेली माहिती दाखवणारं `exiftool` पुरतं:

```
exiftool -a -G1 -s -n -ImageWidth -ImageHeight -Orientation shot.png
[PNG]   ImageWidth   : 1620
[PNG]   ImageHeight  : 2160
[IFD0]  Orientation  : 6
```

रुंदी 1620, उंची 2160. म्हणजे आडव्या स्क्रीनचा फोटो फाइलमध्ये उभाच साठवलेला आहे. टॅब उभा धरून काढलेल्या स्क्रीनशॉटचे आकडेही अगदी हेच होते, फक्त ओरिएंटेशन 1 होतं. या दोन ओळी शेजारी ठेवल्या की टॅब काय करतो ते कळतं. स्क्रीनच्या पॅनलची मूळ मांडणी उभी आहे आणि पिक्सेल त्या मूळ क्रमानेच उचलले जातात. टॅब कसा धरला होता, ही माहिती पिक्सेलमध्ये न उतरता बाजूला एका आकड्यात लिहिली जाते. सगळे टॅब असं करत नाहीत. बरेच जण आधी पिक्सेल फिरवतात आणि 2160 × 1620 ची सरळ फाइल लिहितात. त्यांच्या बाबतीत हे प्रकरण घडतच नाही.

तो 6 हा आकडा नेमका काय सांगतो, हे इथे सावकाश बघायला हवं, कारण पुढचा सगळा उलगडा त्यावर उभा आहे. ओरिएंटेशनचा टॅग 1 ते 8 अशी किंमत घेतो. त्यातल्या चार किमती आरशातल्या प्रतिमांसाठी आहेत, त्या स्क्रीनशॉटमध्ये सहसा येत नाहीत. उरतात 1, 3, 6 आणि 8. प्रमाणात या आकड्यांची व्याख्या 'इतके अंश फिरवा' अशी नाही. साठवलेल्या चित्राची पहिली ओळ आणि पहिला स्तंभ बघणाऱ्याला कुठे दिसायला हवेत, अशी ती व्याख्या आहे. 6 म्हणजे पहिली ओळ उजव्या कडेला आणि पहिला स्तंभ वरच्या कडेला. 8 म्हणजे पहिली ओळ डाव्या कडेला आणि पहिला स्तंभ खाली.

आता टॅब हातात घ्या आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव वळसा फिरवा. पॅनलची वरची कड उजवीकडे जाते. पॅनलची पहिली ओळ म्हणजेच ती वरची कड, त्यामुळे किंमत 6. उलट्या दिशेने फिरवला असता तर वरची कड डावीकडे गेली असती आणि किंमत 8 झाली असती. म्हणजे टॅब जिकडे फिरवला, तिकडेच साठवलेलं चित्रही फिरवायचं. हे ऐकायला साधं आहे, पण टॅबच्या आतल्या प्रोग्रामला स्क्रीनवरचा मजकूर पॅनलच्या हिशेबाने याच्या बरोबर उलट्या दिशेने फिरवावा लागतो, तेव्हाच तो आपल्याला सरळ दिसतो. टॅग लिहिताना कुणी चुकून मजकुराचं वळण घेतलं, की 6 च्या जागी 8 पडतो.

डोकं कुठल्या बाजूला आहे ते बघा

'स्क्रीनशॉट आडवा येतोय' एवढीच तक्रार घेऊन बसलं तर कारण सापडत नाही. चित्रातल्या मजकुराचं डोकं कुठल्या बाजूला आहे, हे विचारलं की बरंचसं उत्तर तिथेच मिळतं. या फाइलमध्ये टॅग 6 आहे, म्हणजे साठवलेले पिक्सेल एकदा उजवीकडे फिरवले की चित्र सरळ होतं.

वाचणाऱ्याने टॅगकडे दुर्लक्ष केलं, तर चित्र एक वळसा मागे राहतं. मजकुराचं डोकं डावीकडे दिसतं आणि चौकट उभी असते. कुणी दोनदा फिरवलं, तर चित्र एक वळसा पुढे जातं. चौकट याही वेळी उभीच, पण डोकं उजवीकडे. आणि 6 च्या जागी 8 लिहिला किंवा वाचला गेला असेल, तर चौकट आडवी म्हणजे योग्य आकाराची असते, पण चित्र पूर्ण उलटं, खालचं वर. तीन बिघाडांची तीन वेगळी चित्रं दिसतात. मूळ टॅग 8 असेल तर डावं-उजवं अदलाबदल करून घ्यायचं, बाकी सगळं तसंच.

पुस्तिकेत डोकं डावीकडे होतं. म्हणजे टॅग कुणी वाचलाच नव्हता.

पण हे तपासायच्या आधीच एक 'दुरुस्ती' होऊन गेली होती. आडवं चित्र बघून एकाने ती फाइल त्या साध्या संपादकात उघडली, उजवीकडे फिरवली, सेव्ह केली आणि पुन्हा चढवली. पुस्तिकेत चित्र सरळ आलं. सगळे खूश. पुढे एका वाचकाने पुस्तिकेतून मूळ मोठं चित्र उघडलं तर ते आडवं, आणि या वेळी डोकं उजवीकडे. दोनदा फिरवल्याची ही खूण. संपादकाने पिक्सेल फिरवले होते, फाइल आता 2160 × 1620 झाली होती, पण टॅग 6 चा 6 च राहिला होता. टॅग न वाचणाऱ्या स्क्रिप्टला ती सरळ दिसली, टॅग पाळणाऱ्या व्ह्यूअरने मात्र इमानेइतबारे आणखी एक वळसा दिला.

संपादकाने टॅग का बदलला नाही? पीएनजी फाइल तुकड्यातुकड्यांची असते, त्या तुकड्यांना चंक म्हणतात, आणि प्रत्येक चंकला चार अक्षरांचं नाव असतं. ओरिएंटेशनसारखी चित्राबद्दलची जी माहिती फाइलमध्ये लिहिली जाते तिला एक्झिफ म्हणतात, आणि ती ज्या चंकमध्ये असते त्याचं नाव `eXIf`. यातली लहान-मोठी अक्षरं उगाच ठेवलेली नाहीत. पहिलं अक्षर लहान असेल तर तो चंक समजला नाही तरी चित्र दाखवता येतं. शेवटचं अक्षर लहान असेल तर चित्र बदलल्यावरही, हा चंक न समजणाऱ्या प्रोग्रामने तो जसाच्या तसा नव्या फाइलमध्ये उतरवला तरी चालेल. `eXIf` मधलं शेवटचं `f` लहान आहे. म्हणजे संपादकाने नियम मोडला नव्हता, उलट पाळला होता. कॅमेऱ्याचं नाव, वेळ, अशा माहितीसाठी हा नियम रास्त आहे. ओरिएंटेशन मात्र पिक्सेलच्या मांडणीला बांधलेलं असतं. पिक्सेल फिरले की ते खोटं ठरतं.

पीएनजीची गोष्ट वेगळी आहे

ओरिएंटेशनचा टॅग टिफ नावाच्या जुन्या प्रमाणातून आला. 1992 सालच्या टिफ 6.0 मध्ये तो होता, आणि पुढे डिजिटल कॅमेऱ्यांसाठीच्या एक्झिफने तो उचलला. कॅमेऱ्याला त्याची गरज होती. जेपेग चित्र फिरवायचं तर ते उलगडून पुन्हा दाबावं लागतं किंवा ठोकळे जुळवत बसावं लागतं, त्यापेक्षा एक आकडा लिहिणं स्वस्त. त्यामुळे फोटोंचे प्रोग्राम हळूहळू तो टॅग वाचायला शिकले. ब्राउझरसुद्धा 2020 च्या आसपास आपणहून तो पाळू लागले.

पीएनजीमध्ये मात्र `eXIf` चंक अधिकृतपणे आला तो 2017 मध्ये, म्हणजे पीएनजी वापरात येऊन वीस वर्षं उलटल्यावर. तोपर्यंत लिहिलेल्या असंख्य प्रोग्रामांच्या लेखी पीएनजीत ओरिएंटेशन अशी काही चीजच नव्हती. शिवाय प्रमाणाची भाषाही सावध आहे. एक्झिफमधली माहिती आजही खरी आहे हे वाचणाऱ्याला स्वतंत्रपणे ठाऊक नसेल, तर ती केवळ इतिहास म्हणून धरावी, अशी त्यात शिफारस आहे. थोडक्यात, पीएनजीतला ओरिएंटेशनचा टॅग ही सूचना आहे, आज्ञा नाही. जो व्ह्यूअर तो पाळतो तोही बरोबर, जो पाळत नाही त्यालाही दोष देता येत नाही.

माझं मत विचाराल तर स्क्रीनशॉट असा टॅगच्या भरवशावर साठवणं हा वाईट सौदा आहे. पीएनजी फिरवताना चित्राची गुणवत्ता तसूभरही कमी होत नाही, आणि एका स्क्रीनचे पिक्सेल फिरवायला आजच्या कुठल्याही टॅबला वेळ लागत नाही. कॅमेऱ्याची जी अडचण होती ती इथे नाहीच.

स्क्रिप्टने टॅग कसा चुकवला

सर्व्हरवरची स्क्रिप्ट कॅमेऱ्याचे फोटो वर्षानुवर्षं सरळ करत आली होती, त्यामुळे तिच्यावर कुणाचा संशय नव्हता. आतमध्ये ती फाइलमध्ये `Exif` ही चार अक्षरं आणि त्यांच्यामागचे दोन शून्य बाइट शोधायची, आणि तिथून पुढे टॅग वाचायची. जेपेगमध्ये एक्झिफच्या आधी ही खूण असते. पीएनजीच्या `eXIf` चंकमध्ये ती नसते, माहिती थेट सुरू होते. खूण सापडली नाही म्हणून स्क्रिप्टने 'टॅग नाही' असं ठरवलं आणि किंमत 1 धरली. तिने कुठलीही चूक दाखवली नाही, लॉगमध्येही काही नाही.

मग स्क्रिप्टमध्ये पीएनजीचे चंक वाचायची सोय केली. चाचणीसाठी कुठूनतरी मिळवलेली एक फाइल नीट फिरली. टॅबचे स्क्रीनशॉट मात्र अजूनही आडवेच. तेव्हा बाइट उघडून बघावे लागले. चंकमधली माहिती एवढीच होती:

```
4D 4D 00 2A 00 00 00 08
00 01
01 12 00 03 00 00 00 01 00 06 00 00
00 00 00 00
```

पहिले दोन बाइट `4D 4D` म्हणजे `MM`. याचा अर्थ आकड्यांचा मोठा बाइट आधी येतो. ते `49 49`, म्हणजे `II` असते, तर लहान बाइट आधी आला असता. दुसऱ्या ओळीत: पुढे एकच नोंद आहे. तिसरी ओळ ती नोंद. `01 12` हा ओरिएंटेशनचा टॅग, `00 03` म्हणजे किंमत दोन बाइटांची आहे, मग 'अशी एक किंमत' हे सांगणारे चार बाइट, आणि शेवटी किमतीसाठी राखलेली चार बाइटांची जागा: `00 06 00 00`.

किंमत दोन बाइटांची, जागा चार बाइटांची. किंमत जागेच्या सुरुवातीला बसते आणि उरलेली जागा रिकामी राहते. स्क्रिप्ट मात्र चारही बाइट एकत्र वाचत होती. `00 06 00 00` हा एक सलग आकडा म्हणून वाचला तर तो 393216 होतो. 1 ते 8 च्या बाहेरचा, म्हणून पुन्हा किंमत 1. चाचणीची फाइल `II` प्रकारची होती. तिथे त्याच जागेत `06 00 00 00` असतं, आणि लहान बाइट आधी धरून चार बाइट वाचले तरी उत्तर 6 च येतं. चूक तीच, पण त्या फाइलमध्ये ती दिसणं शक्यच नव्हतं. ओरिएंटेशन वाचणारा कोड तपासायचा तर दोन्ही प्रकारच्या फाइली हव्यातच.

चंकच्या जागेचाही एक सापळा आहे. `eXIf` चित्राच्या माहितीच्या आधी येऊ शकतो तसा नंतरही येऊ शकतो. वेळ वाचवायला फाइलचा पहिला भागच वाचून थांबणाऱ्या कोडला, मागे ठेवलेला चंक कधीच दिसत नाही. या प्रकरणात तो पुढेच होता.

स्वतः बाइट मोजत बसण्याची हौस शेवटी सोडून दिली आणि तयार लायब्ररीकडे काम सोपवलं:

```python
from PIL import Image, ImageOps

with Image.open("shot.png") as im:
    fixed = ImageOps.exif_transpose(im)
    fixed.save("shot-fixed.png")
```

`exif_transpose` टॅगप्रमाणे पिक्सेल फिरवतं आणि नव्या चित्रातून तो टॅग काढून टाकतं. ही दोन्ही कामं एकाच वेळी होणं महत्त्वाचं. आकार लहान करणं, कापणं, रुंदी-उंचीचा हिशेब हे सगळं या पायरीच्या नंतरच यायला हवं. नाहीतर चौकट 1620 × 2160 धरून आखली जाते आणि आत आडवं चित्र दाबून बसवलं जातं.

दरम्यान एक शॉर्टकट सुचवला गेला होता: टॅगच पुसून टाकू, म्हणजे सगळीकडे सारखं दिसेल. सारखं दिसलं असतं हे खरं, पण सगळीकडे आडवं. पिक्सेल फिरलेले नसताना टॅग काढणं म्हणजे सरळ कसं करायचं ही एकमेव खूण फेकून देणं. खाजगी माहिती जाऊ नये म्हणून चित्रांमधला सगळा मेटाडेटा पुसणाऱ्या सेवांमधून गेलेले स्क्रीनशॉट कायमचे आडवे होतात ते यामुळेच.

काही चित्रं मात्र टॅबनेच चुकीची लिहिलेली निघाली. टॅब फिरवल्याबरोबर, स्क्रीनवरचा मजकूर अजून वळतोय तोवरच बटण दाबलेलं असायचं. पिक्सेल एका क्षणाचे आणि टॅग दुसऱ्या क्षणाचा असला की दोघांचं जुळत नाही, आणि मग गॅलरीतही चित्र आडवंच दिसतं. अशा फाइलीला वाचणारा कोड कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. मजकूर स्थिर झाल्यावर पुन्हा स्क्रीनशॉट काढणं हाच उपाय. गॅलरीत सरळ आणि बाहेर आडवं असेल तर वाचणाऱ्याकडे बघायचं, गॅलरीतच आडवं असेल तर लिहिणाऱ्याकडे.

आधी 'दुरुस्त' केलेल्या फाइलींचं काय

नवी स्क्रिप्ट लावल्यावर एक जुनं दुखणं वर आलं. हाताने फिरवलेल्या ज्या फाइली आजवर पुस्तिकेत सरळ दिसत होत्या, त्या आता आडव्या झाल्या, डोकं उजवीकडे करून. त्यांच्यात खोटा 6 शिल्लक होता आणि नवी स्क्रिप्ट त्यावर विश्वास ठेवत होती.

या फाइली वेगळ्या काढायला पॅनलची मूळ मांडणी कामी आली. हा टॅब स्वतः कधीही उंचीपेक्षा रुंदी जास्त असलेली फाइल लिहीत नाही. तेव्हा टॅग 6 किंवा 8 आहे आणि तरीही साठवलेली रुंदी उंचीपेक्षा जास्त आहे, म्हणजे पिक्सेल कुणीतरी आधीच फिरवलेले आहेत:

```python
w, h = im.size
o = im.getexif().get(274, 1)
if o in (6, 8) and w > h:
    print(path, w, h, o)
```

274 हा ओरिएंटेशनच्या टॅगचाच क्रमांक, वरच्या बाइटांमधल्या `01 12` चं दशमान रूप. या यादीतल्या फाइलींचे पिक्सेल न फिरवता फक्त टॅग 1 करायचा:

```
exiftool -Orientation#=1 shot.png
```

ही कसोटी फक्त याच टॅबपुरती चालते. ज्या टॅबच्या पॅनलची मूळ मांडणी आडवी असते, तिथे रुंदी जास्त असणं हीच मूळ स्थिती, त्यामुळे अट उलटी लिहावी लागेल. आणि ज्यांनी फिरवण्याबरोबर चित्र कापलंही होतं, त्यांच्या फाइलींचे आकडे काहीच सांगत नाहीत. तक्त्याचा कापलेला तुकडा मुळात उभा असू शकतो किंवा आडवाही. अशा फाइली बाजूला काढून, टॅगकडे दुर्लक्ष करणाऱ्या एका व्ह्यूअरमध्ये एकेक उघडून, डोळ्यांनी बघूनच ठरवाव्या लागल्या: तिथे मजकूर सरळ दिसला तर टॅग खोटा, डोकं डावीकडे दिसलं तर टॅग खरा.